आखूड आणि सरळ पापण्यांसाठी मस्कारा कसा निवडावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेंग्दनिंग, व्हॉल्यूमाइझिंग आणि कर्लिंग मस्कारा यांत खरोखर काही फरक असतो का, की नुसती नावंच वेगळी?

फरक असतो, आणि तो मुख्यतः मेणाचं प्रमाण, पातळपणा आणि ब्रश या तीन गोष्टींत असतो.

व्हॉल्यूमाइझिंग मस्कारात मेण जास्त असतं. मधमाश्यांचं मेण, कार्नोबा मेण अशा मेणांचा दाट थर प्रत्येक केसाभोवती बसतो आणि केस जाड दिसतो. साहजिकच हा मस्कारा तिघांत सगळ्यात जड असतो. लेंग्दनिंग मस्कारा त्यापेक्षा पातळ असतो. तो केसाच्या टोकाच्या थोडा पुढेपर्यंत ओढला जातो आणि तिथेच सुकतो. काही लेंग्दनिंग मस्कारांत नायलॉन किंवा रेयॉनचे बारीक तंतू असतात. ते टोकाला चिकटतात आणि तेवढी लांबी वाढल्यासारखी दिसते. कर्लिंग मस्कारात पातळ पापुद्रा तयार करणारी पॉलिमर्स आणि कडक मेणं यांवर भर असतो. सुकताना हा पापुद्रा किंचित आकसतो आणि केस ज्या आकारात असेल त्या आकारात त्याला धरून ठेवतो.

‘ज्या आकारात असेल त्या आकारात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कर्लिंग मस्कारा बाक टिकवतो. सरळ केसाला स्वतःहून बाक देण्याची ताकद त्याच्यात फारच थोडी असते. डब्यावरचा फोटो पाहून घेतलेल्या मस्काराने निराशा होते, ती बहुतेकदा याच कारणाने.

माझ्या पापण्या आखूड आहेत आणि सरळ, थोड्या खाली झुकलेल्या आहेत. तिघांपैकी कोणता घेऊ?

कर्लिंग, आणि तोही वॉटरप्रूफ. तो नीट जमला की त्यावर लांबीचा विचार करा. जाडीला सगळ्यात शेवटचा नंबर द्या.

वरच्या पापणीचे केस साधारण 8 ते 12 मिलिमीटर लांब असतात. तुमचे समजा 7 मिलिमीटर आहेत आणि सरळ समोर किंवा खाली जातात. समोरून बघणाऱ्याला त्यांची फक्त टोकं दिसतात, लांबी दिसतच नाही. तेच केस वर वळले की सातच्या सात मिलिमीटर डोळ्यावर उभे दिसतात. म्हणजे केस एक कणही न वाढता जास्त लांबी दिसायला लागते. हे काम कुठलाही लेंग्दनिंग मस्कारा करू शकत नाही.

बहुतेक मैत्रिणी ‘आखूड आहेत म्हणजे लांब करणारा घ्यावा’ किंवा ‘विरळ दिसतात म्हणजे जाड करणारा घ्यावा’ असा विचार करतात. विचार सरळ वाटतो, पण सरळ पापण्यांच्या बाबतीत तो चुकतो, कारण जाड मस्काराच्या वजनाने होता तो बाकही जातो.

कर्लरने पापण्या छान वळतात, पण मस्कारा लावला की पाच मिनिटांत पुन्हा खाली येतात. असं का होतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर पाण्यात आहे.

पापणीचा केस हाही डोक्यावरच्या केसासारखाच केराटिनचा बनलेला असतो. केराटिनच्या साखळ्यांमध्ये काही बंध कच्चे असतात. ते पाण्याने सुटतात आणि केस कोरडा होताना पुन्हा जुळतात. कर्लरने दाबलं की केस वाकलेल्या स्थितीत हे कच्चे बंध नव्याने जुळतात, म्हणून बाक येतो. नेहमीच्या, पाण्याने धुतल्या जाणाऱ्या मस्कारात सगळ्यात मोठा घटक पाणीच असतं. तुम्ही नुकत्याच वळवलेल्या केसावर तो ओला थर चढवता, बंध सुटतात आणि केस आपल्या मूळच्या सरळ आकाराकडे परततो. वर मेणाचं वजन असतंच. जुलैमध्ये मुंबईत किंवा रत्नागिरीत इस्त्री केलेले केस घराबाहेर पडताच बिघडतात, त्यामागेही हेच घडत असतं.

वॉटरप्रूफ मस्कारात पाण्याऐवजी आयसोडोडेकेनसारखा चटकन उडून जाणारा द्रव असतो. तो केस भिजवत नाही आणि लवकर सुकतो, म्हणून बाक जागच्या जागी पकडला जातो. पुढे दिवसभर घाम आला, हवेत दमटपणा असला, तरी केसावरचा थर पाण्याला आत येऊ देत नाही. सरळ पापण्यांसाठी वॉटरप्रूफ हवा म्हणताना रडणं किंवा पोहणं माझ्या डोक्यात नसतं. बाक टिकवणं हेच त्यामागचं खरं कारण आहे.

ज्यांचे केस मुळातच वर वळलेले असतात त्यांना हा फरक जाणवत नाही. त्यामुळे एखादी मैत्रीण ‘मला तर साधाच छान बसतो’ म्हणाली, तर तिचा अनुभव खरा असूनही तुमच्या कामाचा नसतो.

दुकानात उभी असताना मस्कारा पाण्याचा आहे की बिनपाण्याचा हे कसं ओळखायचं?

खोक्याच्या मागची घटकांची यादी बघा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलंच नाव ‘वॉटर’ किंवा ‘अ‍ॅक्वा’ असेल तर तो पाण्याचा. पहिलं नाव ‘आयसोडोडेकेन’ असेल आणि पाणी यादीत नसेल किंवा खूप खाली असेल, तर तो आपल्याला हवा तो. एकाच नावाचा मस्कारा ‘वॉशेबल’ आणि ‘वॉटरप्रूफ’ अशा दोन प्रकारांत मिळतो आणि ट्यूबा दिसायला जवळजवळ सारख्या असतात. ऑनलाइन मागवताना इथेच घोटाळा होतो, म्हणून पूर्ण नाव वाचूनच ऑर्डर द्या.

ट्यूबिंग मस्कारा म्हणजे काय? तो चालेल का?

यात मेणाऐवजी पॉलिमरवर भर असतो. प्रत्येक केसाभोवती त्याची नळीसारखी खोळ तयार होते. कोमट पाण्याने ती फुगते आणि हलकं ओढल्यावर छोट्या काळ्या धाग्यांसारखी अख्खी निघते. जपानमध्ये हा प्रकार चांगलाच रुळला आहे. तेलाने तो विरघळत नाही, त्यामुळे डोळ्यांभोवतीची त्वचा तेलकट असेल तर डोळ्यांखाली काळं उतरत नाही.

अडचण एकच. यातले बरेचसे मस्कारा पाण्याच्या आधारावर बनतात, म्हणून फार हट्टी, सरळ केसांचा बाक वॉटरप्रूफइतका टिकत नाही. पसरणं हा तुमचा मोठा त्रास असेल तर ट्यूबिंग घ्या. बाक जाणं हा मोठा त्रास असेल तर वॉटरप्रूफवरच राहा.

आखूड, सरळ पापण्यांना ब्रश कसा असावा?

बारीक. माझ्या मते आखूड पापण्यांसाठी ब्रशची निवड मस्काराच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं.

केस मुळापासून रंगला तरच तो पूर्ण लांबीचा दिसतो. जाड ब्रश मुळाशी नेताना त्याचे दाते आधी वरच्या कातडीला टेकतात. कातडी काळी होते, म्हणून आपण घाबरून ब्रश पुढे ओढतो आणि मुळाजवळचे दोन-तीन मिलिमीटर तसेच राहतात. केस सातच मिलिमीटरचा असेल तर त्यातला तिसरा हिस्सा वाया गेला. शिवाय जाड ब्रश मुळाऐवजी टोकांवर जास्त माल सोडतो. आधीच सरळ असलेल्या केसाच्या टोकावर वजन पडलं की तो झुकणारच.

मापासाठी करंगळीचं नख वापरा. दातांसकट ब्रशची रुंदी नखाएवढी असेल तर तो तुमच्यासाठी जाड. नखाच्या साधारण निम्मी असेल तर योग्य. लांबीही फार नको. आखूड ब्रश डोळ्याच्या कोपऱ्यात सहज वळतो.

दाते दोन प्रकारचे मिळतात. तारेत पिळून बसवलेले नायलॉनचे केसाळ ब्रश जास्त माल उचलतात आणि जाडी देतात. साच्यातून काढलेले प्लॅस्टिकचे किंवा रबरी ब्रश कमी माल घेतात, त्यांचे दाते ताठ आणि वेगवेगळे असतात आणि ते फणीसारखे आखूड केसाच्या मुळात शिरतात. आखूड केसांना दुसरा प्रकार जास्त मानवतो.

आकाराबद्दल बोलायचं तर किंचित वाकलेला बारीक ब्रश माझी पहिली पसंती आहे. त्याची आतली, खोलगट बाजू डोळ्याच्या गोलाईशी जुळते आणि सगळ्या पापण्या एकाच वेळी वर उचलल्या जातात. कोरियन कंपन्यांचे बारीक, वाकडे, फणीसारखे ब्रश आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळतात. टोकाकडे निमुळता होत जाणारा ब्रशही चांगला, विशेषतः नाकाजवळच्या अगदी छोट्या केसांसाठी. मधे बारीक आणि दोन्ही टोकांना फुगीर असे ब्रश मात्र लांब पापण्यांसाठी ठीक. आखूड पापण्यांत त्यांचा फुगीर भाग कातडीला लागत राहतो.

वाकलेला ब्रश कोणत्या बाजूने धरायचा?

उचलताना खोलगट बाजू केसांकडे, म्हणजे खालून लावताना ती वर तोंड करून. फुगीर बाजू नंतर एखाद-दुसरा केस वेगळा करायला वापरा. उलट धरला तर मधल्या केसांना भरपूर मस्कारा लागतो आणि कडेचे कोरडे राहतात.

आवडलेल्या मस्काराचा ब्रश जाड असेल तर?

वेगळा, धुतलेला बारीक ब्रश घ्या आणि ट्यूबच्या ब्रशवरून त्यावर थोडा मस्कारा उचलून लावा. बारीक डिस्पोजेबल वाँड पार्लरच्या सामानाच्या दुकानात पाकिटाने मिळतात. मात्र हा बाहेरचा ब्रश ट्यूबमध्ये बुडवू नका. ट्यूबच्या तोंडाशी एक रबरी कडी असते, ती त्या ट्यूबच्या ब्रशच्या मापाचीच असते. बारीक ब्रश तिच्यातून निघताना नीट पुसला जात नाही आणि भसकन जास्त माल येतो.

प्रत्यक्ष उदाहरण देऊन सांगाल का?

माझी मावसबहीण डोंबिवलीहून रोज लोकलने फोर्टमध्ये नोकरीला जाते. पापण्या आखूड, सरळ, दाटपणा बरा. तिच्याकडे जाड ब्रशचा, पाण्याने धुतला जाणारा व्हॉल्यूमाइझिंग मस्कारा होता. तक्रार अशी की ऑफिसला पोचेपर्यंत पापण्या खाली आलेल्या असतात आणि वरच्या कातडीवर काळ्या ठिपक्यांची रांग उमटलेली असते.

ठिपके वरच्या कातडीवर होते, याचा अर्थ मस्कारा पूर्ण सुकायच्या आत वर टेकत होता. जाड थर सुकायला वेळ घेतो. त्यात ती मस्कारा लावून लगेच वर बघून टिकली लावायची. बाक जाणं हे पाणी आणि वजन या दोन्हीमुळे होतं.

आम्ही आधी फक्त ब्रश बदलला. मस्कारा तोच ठेवून बारीक वाँडने मुळाशी लावला. ठिपके जवळजवळ थांबले, पण बाक तरीही दादरच्या आधीच गेला. मग मस्कारा बदलला आणि बारीक, वाकलेल्या ब्रशचा वॉटरप्रूफ कर्लिंग घेतला. आता कर्लर, एक पातळ थर आणि टोकांना जेमतेम दुसरा, एवढं ती करते. संध्याकाळी बाक सकाळइतका नसतो, पण पापण्या वर असतात. पावसाळ्यात दारात गर्दी असलेल्या डब्यातून उतरल्यावर याहून जास्त अपेक्षा कुठल्याच मस्काराकडून करू नये.

एकेक गोष्ट बदलून पाहिल्याचा फायदा असा झाला, की ठिपक्यांचं कारण ब्रश होता आणि बाक जाण्याचं कारण फॉर्म्युला, हे वेगवेगळं कळलं.

लॅश कर्लर वापरायलाच हवा का? केस तुटत नाहीत का?

सरळ पापण्यांसाठी हवाच. केस तुटतात ते मस्कारा लावल्यानंतर कर्लर वापरल्याने. कडक झालेला केस रबराला चिकटतो आणि उघडताना मुळासकट येतो. म्हणून आधी कर्लर, मग मस्कारा. हा क्रम कधीही बदलू नका.

पापण्या स्वच्छ आणि कोरड्या हव्यात. कर्लर मुळाजवळ, कातडी चिमटीत सापडणार नाही इतका जवळ न्या आणि हलक्या दाबाने साधारण 10 सेकंद धरा. मग किंचित पुढे सरकून मध्यावर एकदा, कमी दाबाने. आखूड केसांना टोकाशी तिसऱ्यांदा दाबायला जागा नसते. एकाच ठिकाणी जोरात दाबलं तर केसाला बाकाऐवजी काटकोनात घडी पडते आणि ती बाजूने बघताना स्पष्ट दिसते. रबरी पट्टीवर खाच पडली की पट्टी बदला, कारण त्या खाचेत केस कापले जातात.

कर्लरची गोलाई तुमच्या डोळ्याशी जुळत नसेल तर कडेचे केस सुटतात. त्यासाठी अर्ध्या रुंदीचा छोटा कर्लर मिळतो.

लावण्याची पद्धत काय?

ब्रश बाहेर काढून टिश्यूवर हलकाच पुसा. ट्यूबच्या कडेवर घासला की तिथे माल साचून सुकतो आणि झाकण नीट बसत नाही. आरसा हनुवटीच्या खाली धरा आणि खाली बघा, म्हणजे वरची कातडी ताणली जाऊन मुळं उघडी पडतात. दुसऱ्या हाताच्या बोटाने भुवईखालची कातडी किंचित वर उचलली तर आणखी सोपं.

ब्रश मुळाशी टेकवून आडवा दोन-तीनदा बारीक हलवा, मग वर ओढत बाहेर काढा. मुळाशी माल जास्त, टोकाला कमी, असं व्हायला हवं. मुळाशी असलेला मस्कारा केसाला आधार देतो आणि टोकाशी असलेला त्याला ओढतो. पहिला थर लावून झाल्यावर ब्रशची कोरडी बाजू खालून पापण्यांना टेकवा आणि त्यांना वर धरून काही सेकंद थांबा. याच वेळेत थर आकसतो आणि बाक पक्का होतो. नंतर अर्धा मिनिट तरी वर बघू नका. कोपऱ्यांसाठी ब्रश उभा धरून फक्त टोक वापरा.

दुसरा थर द्यायचाच तर पहिला किंचित ओलसर असतानाच द्या. पूर्ण सुकल्यावर दिला की गुठळ्या होतात. तिसरा थर आखूड, सरळ पापण्यांना नकोच.

मस्कारा डोळ्यांखाली उतरतो. वॉटरप्रूफ असूनही!

वॉटरप्रूफ मस्कारा पाण्याला दाद देत नाही, पण तेलात विरघळतो. डोळ्यांखाली क्रीम, सनस्क्रीन किंवा तेलकट काजळ असेल तर त्यातलं तेल वर चढतं. क्रीम लावून दहा मिनिटं थांबा, उरलेलं टिश्यूने टिपा आणि खालच्या कडेला थोडी लूज पावडर लावा. खालच्या पापण्यांना मस्कारा लावूच नका. हे सगळं करूनही उतरत असेल तर तुमच्यासाठी ट्यूबिंग.

काळे कण गालावर पडत असतील तर तो वेगळा प्रकार आहे. मस्कारा जुना होऊन सुकला आहे किंवा थर फार झाले आहेत.

कॉन्टॅक्ट लेन्स असताना काय काळजी घ्यावी?

लेन्स आधी घाला, मेकअप नंतर. आणि काढताना लेन्स आधी काढा. तंतू असलेला लेंग्दनिंग मस्कारा टाळा, कारण तुटलेला तंतू लेन्सखाली गेला तर फार टोचतो.

वॉटरप्रूफ मस्कारा काढताना पापण्या गळतात.

चोळल्याने गळतात. तेल आणि पाणी असे दोन थर असलेला आय मेकअप रिमूव्हर हलवून कापसावर घ्या, मिटलेल्या डोळ्यावर 20 ते 30 सेकंद नुसता ठेवा आणि खालच्या दिशेने एकदाच पुसा. राहिलेलं असेल तर नवा कापूस घेऊन पुन्हा ठेवा. घरचं खोबरेल तेलही मस्कारा विरघळवतं, पण डोळ्यात गेलं तर थोडा वेळ धूसर दिसतं आणि मुळाशी राहिलं तर दुसऱ्या दिवशीचा मस्कारा धरत नाही. ते वापरलंत तर नंतर सौम्य फेसवॉशने पापण्यांची मुळं धुवा.

एक ट्यूब किती दिवस वापरावी?

उघडल्यापासून तीन महिने. ब्रश प्रत्येक वेळी पापण्यांवरचे जंतू आत नेतो. ट्यूबमध्ये ब्रश वरखाली दाबत राहिलात तर हवा शिरते आणि मस्कारा लवकर सुकतो. तो गोल फिरवून काढावा. सुकलेल्या मस्कारात पाणी किंवा डोळ्याचे थेंब घालून तो पातळ करू नका, आणि बहिणीबहिणींतसुद्धा एक ट्यूब वाटून वापरू नका. डोळा आला असेल तर बरं झाल्यावर ती ट्यूब टाकून द्या.

एरंडेल तेल लावून पापण्या लांब होतात का?

त्याला भरवशाचा पुरावा नाही. केसाला तेलाचा थर बसतो, म्हणून तो काळाभोर आणि दाट दिसतो. मस्कारा लावण्याआधी मुळाशी तेल उरलं तर मात्र वरची सगळी मेहनत वाया जाते. पापण्या खरोखर वाढवणारं औषध बिमॅटोप्रॉस्ट आहे, पण त्याने पापणीची कातडी काळवंडू शकते, बुबुळाचा रंगही कायमचा बदलू शकतो. ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

लॅश लिफ्ट केली तर मस्काराचा प्रश्नच सुटेल ना?

बाकाचा प्रश्न सहा ते आठ आठवडे सुटतो. यात रसायनाने केराटिनचे पक्के बंध तोडून केस वळलेल्या स्थितीत पुन्हा जोडतात, म्हणून पाण्याने बाक जात नाही. त्या काळात कर्लर लागत नाही आणि पाण्याने धुतला जाणारा हलका लेंग्दनिंग मस्काराही चालतो. आखूड पापण्यांसाठी पार्लरमध्ये सगळ्यात लहान मापाची सिलिकॉनची पट्टी आहे का, हे आधी विचारा. मोठ्या पट्टीवर आखूड केस नीट पोचत नाहीत आणि बाक येतच नाही. अगदीच लहान पट्टी लांब केसांना वापरली तर ते गोल गुंडाळले जातात. रसायन जास्त वेळ राहिलं तर टोकं कुरळी आणि राठ होतात, आणि ती बिघडलेली टोकं नवे केस येईपर्यंत तशीच राहतात. आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थेंबभर लावून त्वचेला चालतं का ते तपासून घ्या.